लोणच्याच्या बाटल्या फुगल्या आणि सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पडला (नाशिक)

मोहरीची_फोडणी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय ते पण रडगाणं घेऊन, तर सांभाळून घ्या.

मी पाथर्डी फाट्याला राहते. गेल्या वर्षीपासून घरी कैरीचं लोणचं करून विकतेय. सुरुवात अशी झाली की सासूबाईंच्या हातचं लोणचं (त्यांचं माहेर दिंडोरीकडचं) शेजारच्या वहिनींना दिलं, त्यांनी सोसायटीच्या व्हॉट्सअप ग्रुपवर फोटो टाकला आणि दोन दिवसांत अकरा जणी विचारायला लागल्या की विकत देणार का. मी म्हटलं बघू, १५० रुपयाला अर्धा किलो. झालं, बत्तीस बाटल्या गेल्या की हो! मग इन्स्टावर पेज काढलं, मुलीने रील बनवून दिलं, पुण्याच्या नणंदेच्या ग्रुपवर टाकलं.

पहिल्या खेपेला १० किलो फोडी होत्या, ते लोणचं आजही उत्तम आहे, माझ्याकडे अर्धी बरणी आहे. गडबड दुसऱ्या खेपेला झाली. ग्रुपवरच्या दोघी-तिघी म्हणाल्या की आमच्याकडे बीपीवाले आहेत, कमी मिठाचं करून द्या ना, आणि एक म्हणाली किंचित गूळ घाला मुलं खातील. मला वाटलं गिऱ्हाईक मागतंय तर द्यावं. ५ किलो फोडी घेतल्या, मीठ नेहमीच्या निम्मं घातलं, वर पाव किलो गूळ, आणि मिठाची भरपाई म्हणून तेल जास्त घातलं. जुलैचा पहिला आठवडा होता. चौदा बाटल्या विकल्या, त्यातल्या चार पुण्याला कुरियरने.

नवव्या दिवशी सी विंगमधल्या काकूंनी ग्रुपवर फोटो टाकला, झाकण फुगलेलं, तेल बाहेर आलेलं, खाली लिहिलं "हे असं असतं का घरगुती?" पुण्याच्या दोन बाटल्या वाटेतच गळल्या, दुसऱ्याच्या पार्सलला तेल लागलं म्हणून कुरियरवाला वेगळा भांडला. मी सगळ्या चौदा जणींना पैसे परत दिले, २१०० रुपये. पण नेमकं काय चुकलं हे कळल्याशिवाय यंदा बरणीला हात लावायची हिंमत होत नाही. सासूबाई म्हणतात मिठामुळे, नवरा म्हणतो बाटल्या स्वस्तातल्या. कोणाला अनुभव आहे का?

चिंगी_८२

अगं ताई पैसे परत दिलेस ते फार चांगलं केलंस. रेसिपी टाक ना पण, फोटोतली मोहरीची डाळ बघूनच तोंडाला पाणी सुटलं.

आत्याबाई

बाटल्यांचं काही नाही. लोणच्याला शिवाशिव चालत नाही, चार दिवसांत कुणीतरी हात लावला असणार. आमच्याकडे अजून बरणीजवळ जाऊ देत नाहीत.

मोहरीची_फोडणी

आत्याबाई, पहिल्या खेपेच्या वेळी नेमके माझेच चार दिवस होते आणि ते लोणचं वर्षभर टिकलंय. आता पुढे बोलूया :)

सिन्नरकर

तेल कमी पडलं असणार. आमच्या आईचं सूत्र एकच, फोडीवर दोन बोटं तेल दिसलं पाहिजे. तेल असलं की लोणच्याला काही होत नाही. पावसाळ्यात केलं ते पण एक कारण. मीठ-बिठ नंतरचं.

बरणीवाले_काका

मोहरीताई, मी अंबडला एका मसाला-लोणच्याच्या कारखान्यात क्वालिटीला बावीस वर्षं होतो, आता निवृत्त. थोडं लांब लिहितो.

आधी दोन-तीन गोष्टी सांगा म्हणजे अंदाज बरोबर येईल. बाटली उघडताना फस्स आवाज झाला का? वास कसा होता, आंबूस-दारूसारखा की कुबट मातीसारखा? फोडी मऊ पडल्या होत्या का कडकच? वर काही दिसलं का, पांढरी सायीसारखी पातळ पापडी की हिरवट-काळी लव? आणि कैरी कुठली होती, आणि कापताना आतून पांढरी होती की पिवळसर?

सिन्नरकर, तुमच्या आईंचं दोन बोटांचं खरं आहे, पण कारण वेगळं. तेल जंतू मारत नाही, ते फक्त हवा अडवतं. वरची बुरशी त्याने थांबते. तळाशी जे हवेशिवाय चालतं ते तेलाखाली आरामात चालू राहतं.

मोहरीची_फोडणी

काका, आवाज झाला, सोडा उघडल्यासारखा. वास आंबूस, थोडासा ताडीसारखा म्हणा. फोडी मऊ होत्या, दाबली की चिरडायच्या. बुरशी नव्हती कुठेच, एका बाटलीत फक्त झाकणाला पांढरं लागलेलं. आणि कैरी... पेठ रोडच्या मार्केटयार्डातून घेतली, शेवटची शेवटची होती, भाव उतरले होते म्हणून. बाहेर जो अडकित्त्यावर फोडून देतो तो म्हणाला पण होता, "ताई पाड लागलाय याला, लोणच्याला नका नेऊ". मी म्हटलं चालतंय. आतून पिवळसर होत्या बऱ्याच. आता लिहिताना मलाच लाज वाटतेय.

बरणीवाले_काका

तो फोडणारा माझ्यापेक्षा हुशार आहे. उत्तर त्यानेच दिलंय.

तुमच्या लोणच्याला बुरशी आली नाही, ते आंबलं. यीस्टने साखर खाल्ली आणि वायू सोडला, तो वायू बाटलीत कोंडला म्हणून झाकण फुगलं, आणि त्यानेच तेल वर ढकललं. बाटल्या स्वस्त असतील नसतील, काचेच्या असत्या तरी झाकणातून गळल्याच असत्या. साहेबांना सांगा.

आता यीस्टला एवढी मोकळीक का मिळाली ते बघा. कच्च्या आंबट कैरीत साखर कमी आणि आम्ल जास्त. पाडाला आलेल्या कैरीत उलटं व्हायला लागतं, आम्ल उतरतं, साखर चढते, फोड पण सैल पडते. त्यावर तुम्ही पाव किलो गूळ दिला. गूळ लोणच्याला वाईट असं नाही, पण तो एक तर भरपूर घालायचा नाहीतर घालायचाच नाही. गुळांबा, साखरांबा टिकतो कारण गोडी इतकी असते की जंतूंना पाणीच सुटत नाही. पाच किलोला पाव किलो म्हणजे त्यांना नुसता खाऊ.

आणि मीठ. इथे लोक फसतात म्हणून आकडेच मांडतो. पहिल्या खेपेचे सगळे आकडे द्या, वाटीत नको, वजनात.

मोहरीची_फोडणी

हो आहेत, वहीत लिहून ठेवलेत. फोडी १० किलो, मीठ २ किलो, मोहरीची डाळ १ किलो, तिखट ६०० ग्रॅम, हळद २००, मेथी १५०, हिंग १००, शेंगदाण्याचं तेल ३ किलो (कडकडीत तापवून पूर्ण गार करून). सुटलेला खार टाकला नाही, त्यातच मसाला कालवला. दुसऱ्या वेळी ५ किलोला मीठ अर्धा किलो, तेल पावणेदोन किलो, गूळ पाव किलो, बाकी मसाला निम्मा.

बरणीवाले_काका

छान, वही ठेवता हे बघून बरं वाटलं.

मीठ तेलात विरघळत नाही, मसाल्याच्या चोथ्यातही फार जात नाही. ते कैरीच्या पाण्यात उतरतं, आणि जंतू राहतात पण त्याच पाण्यात. म्हणून एकूण लोणच्यात मीठ किती यापेक्षा पाण्यात किती हे बघायचं. कैरीत ढोबळ पंच्याऐंशी टक्के पाणी धरा. पहिल्या खेपेला दहा किलोत साडेआठ किलो पाणी, त्यात दोन किलो मीठ, म्हणजे खारात मीठ १९ टक्क्यांच्या आसपास. तिथे बहुतेक सगळ्यांची गाडी थांबते. दुसऱ्या खेपेला सव्वाचार किलो पाण्यात अर्धा किलो, म्हणजे साडेदहा टक्के. एवढ्या खाऱ्या पाण्यात बरेच यीस्ट मजेत असतात.

आणि तुम्ही भरपाई म्हणून तेल वाढवलंत त्याने त्या साडेदहाचा एक कणही वाढला नाही.

सिन्नरकर

काका हे पटलं. पण आमच्याकडे वाटीनेच करतात हो, तीन पिढ्या, कधी काही झालं नाही. वजनाचं एवढं काय?

बरणीवाले_काका

वाटी तीच, मीठ तेच, आणि हात तोच असेल तर वाटी चालते. आईंनी खडे मीठ कुटून घातलं आणि सुनेने पुड्यातलं बारीक घातलं, तर त्याच वाटीत वजन बरंच बदलतं. घरासाठी करताना ते जिभेवर सांभाळून जातं. पुण्याला पाठवायचं तर काटा घ्या, शे-पाचशे रुपयांचा.

तन्वी_कोथरूड

मी पण घरून लोणचं विकते, लिंबाचं आणि मिरचीचं. काकांशी मी पूर्ण सहमत नाही. मी कमी मिठाचं देते, तीन वर्षं, एकही तक्रार नाही. मीठ कमी केलं की लिंबाचा रस वाढवते. मीठ हाच एक मार्ग आहे असं नाही. बीपीवाल्यांनी लोणचं खाऊच नये का?

बरणीवाले_काका

तन्वीताई, तुमचं बरोबर आहे, आम्लाने पण टिकतं. तुम्ही आंबटपणा वाढवलात, मोहरीताईंनी मीठ काढलं आणि त्या जागी काहीच ठेवलं नाही, उलट आंबटपणा पण उतरलेली कैरी घेतली. फक्त एक, लिंबाने धोक्याचे जंतू दबतात, यीस्ट मात्र आंबटालाही फारसं घाबरत नाही. तुमच्या बाटल्या गिऱ्हाईक फ्रिजमध्ये ठेवतं का बाहेर?

तन्वी_कोथरूड

मी लेबलवर लिहिते फ्रिजमध्ये ठेवा. ठेवतात की नाही देव जाणे. पण माझी बाटली पाव किलोचीच असते, महिन्याभरात संपते.

बरणीवाले_काका

मग तुमचं यश निम्मं त्या पाव किलोत आहे :) कमी मिठाचं कुरियरने उन्हातान्हात पाठवायला मी तरी धजणार नाही. तुम्हाला जमतंय, जमू दे.

गोदाकाठची_रेवती

विषयाला धरूनच विचारते, मी पंचवटीत राहते, मला लसणाचं लोणचं विकायचंय. सोललेला लसूण, तिखट, मीठ, वरून तेल. ते पण फुगतं का? माझं कधी फुगलं नाही, म्हणजे चांगलंच ना?

बरणीवाले_काका

रेवतीताई, न फुगणं म्हणजे चांगलं असं लसणाच्या बाबतीत समजू नका. कैरी मुळातच आंबट, तिथे गडबड झाली तरी ती दिसते, वास येतो, माणूस टाकून देतो. लसूण जमिनीतला आणि आंबट अजिबात नाही. तो तेलात बुडवून हवाबंद करून बाहेर ठेवला तर बोट्युलिझमचं विष तयार होऊ शकतं, आणि त्याला वास, बुडबुडे काहीही नसलं तरी चालतं. लसूण आधी भरपूर लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये मुरवा, आतपर्यंत आंबट झाला की मग तेल. पीएचच्या पट्ट्या मिळतात, खाराचा थेंब घेऊन बघा, ४.६ च्या बराच खाली हवा. तेल पट्टीला लागू देऊ नका, रंग कळत नाही. तोवर घरी खाताना पण फ्रिजमध्ये ठेवा आणि थोडंच करा.

गोदाकाठची_रेवती

बापरे. माझ्याकडे दोन बरण्या आहेत ओट्यावर, मागच्या महिन्यापासून.

बरणीवाले_काका

टाकून द्या. चव घेऊन बघू नका.

हिशेबनीस

लोणचं मला कळत नाही, पण १५० रुपये वाचून राहवलं नाही. ताई, तुमच्या वहीत भाव आहेत का? मला पहिल्या खेपेचा खर्च द्या.

मोहरीची_फोडणी

आहेत. कैरी १२ किलो, ६० ने ७२०. फोडणावळ १२०. तेल ५७०. मोहरीची डाळ २४०, तिखट ३००, हिंग १८०, हळद ५०, मेथी २०, मीठ ५०. गॅस ३० धरा. बाटली १८ ला पडते, लेबल आणि सील ६, वरचं गुंडाळायचं ६. सगळं मिळून १७ किलो भरतं, पण चाखायला, भांड्याला लागलेलं, नणंदेला फुकट :) जाऊन १६ किलो विकलं.

हिशेबनीस

माल झाला २२८०. बत्तीस बाटल्यांत भागला तर ७१ रुपये. त्यात बाटली-लेबल-गुंडाळणं ३०. म्हणजे एक बाटली १०१ ला पडली. १५० ला विकली, ४९ सुटले, बत्तीसचे १५६८.

आता खरं सांगा, घरपोच फुकट दिलंत का? आणि पहाटे मार्केटयार्डाला जाण्यापासून शेवटची बाटली देईपर्यंत किती तास गेले?

मोहरीची_फोडणी

हो, फुकटच. इंदिरानगर, सिडको ठीक आहे पण एक बाटली नाशिकरोडला, एक गंगापूर रोडला, स्कूटीवर. पेट्रोल ४०० चं झालं असेल. तास मोजले नव्हते... कैरी धुणं पुसणं वाळवणं मसाले भाजणं भरणं, मग ग्रुपवर "ताई अजून आहे का" ला उत्तरं देणं, सव्वीस-सत्तावीस तास सहज.

हिशेबनीस

११६८ भागिले २६, तासाला पंचेचाळीस रुपये. त्यात सासूबाईंचे तास मोजलेले नाहीत, त्यांचे तास वेगळे लिहा.

आणि दुसऱ्या खेपेचे २१०० परत दिलेत ना, ते तुमच्या पहिल्या खेपेच्या सगळ्या कमाईपेक्षा जास्त आहेत. एक फसलेली खेप अख्ख्या सीझनचं काम गिळते, म्हणून किंमतीत त्याची पण जागा ठेवावी लागते. मी असतो तर २२० ला दिली असती आणि घरपोचचे पैसे वेगळे.

चिंगी_८२

२२० ला कोण घेणार हो, दुकानात ब्रँडेड अर्धा किलो त्याच्या आसपासच मिळतं की.

हिशेबनीस

मग तेच घ्या, इथे कशाला येता :) दुकानातलं स्वस्त वाटणाऱ्यांना आपलं गिऱ्हाईक धरायचंच नाही.

मोहरीची_फोडणी

नाही हो हिशेबनीस, चिंगीताईंचं पण खरं आहे. आमच्या सोसायटीत २२० म्हटलं तर निम्म्या जणी गप्प बसतील. मला १८० जमेल असं वाटतं, घरपोच फक्त सोसायटीत आणि पाथर्डी फाट्याच्या आसपास, बाकीच्यांनी येऊन न्यावं. इंदिरानगरला मैत्रिणीकडे ठेवते, ती म्हणाली चालेल.

सिडकोची_मावशी

मोहरी बाळा, मी पापड-कुरडया विकते १२ वर्षं, तर ग्रुपचं सांगते. सोसायटीच्या ग्रुपवर जाहिरात टाकू नकोस, तिथे भांडण झालं की सगळी बिल्डिंग बघते, तुझ्या फोटोचं झालं तेच. तू आपली ब्रॉडकास्ट लिस्ट कर. त्यात एक गंमत आहे, ज्यांनी तुझा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो, बाकीच्यांना जातच नाही आणि आपण बसतो वाट बघत. म्हणून बाटली देतानाच मी म्हणते, "माझा नंबर टाकून घ्या, कुरडयावाल्या मावशी म्हणून". एका लिस्टमध्ये २५६ च बसतात, दुसरी करायची.

आणि कैरी आधी घेऊन मग ऑर्डरी घेऊ नकोस. उलटं कर. मे अखेरीला मेसेज टाकायचा, अर्धे पैसे आधी, जेवढ्या ऑर्डरी तेवढीच कैरी. उरलेलं विकायच्या घाईतच तू ती स्वस्तातली पाडाची कैरी घेतलीस.

मोहरीची_फोडणी

मावशी अगदी वर्मावर बोट ठेवलंत. स्वस्तात मिळाली, आणि वर ग्रुपवर मागणी होती, दोन्ही एकदम.

तन्वी_कोथरूड

रजिस्ट्रेशन आहे का एफएसएसएआयचं? मी काढलं तेव्हा बेसिकची वर्षाची फी १०० रुपये होती, ऑनलाइन फोस्कोसवरून, घरचा पत्ता चालतो. १४ आकडी नंबर येतो तो लेबलवर टाकायचा. आता नियम बदललेत का ते साइटवर बघून घे. लेबलवर हिरवा ठिपका, घटक, निव्वळ वजन, पॅकिंगची तारीख पण हवी.

मोहरीची_फोडणी

नाही गं, काढलं नव्हतं. लेबलवर फक्त "घरगुती, प्रेमाने बनवलेलं" आणि माझा नंबर. आता काढते.

बरणीवाले_काका

त्या लेबलवर अजून एक आकडा टाका, बॅच नंबर. झाकणाखाली मार्करने लिहिलात तरी चालेल. कैरी कोणत्या दिवसाची, भरलं कधी. तुमच्याकडे चौदाच होत्या म्हणून सगळ्यांना फोन करता आले. शंभर झाल्या आणि त्यातल्या वीसच बिघडल्या तर कोणत्या वीस हे कसं सांगणार? नाहीतर चांगल्या ऐंशीचे पैसे पण परत.

सिन्नरकर

प्रिझर्व्हेटिव्ह टाकून प्रश्न मिटेल ना सगळा? सोडियम बेंझोएट चिमूटभर, मेडिकलवाला सांगत होता.

बरणीवाले_काका

कारखान्यात वापरतात, परवानगी आहे, पण मर्यादेत आणि मोजून, आणि लेबलवर लिहावं लागतं. घरी चिमटीने घालायची वस्तू नाही ती. शिवाय मोहरीताईंच्या पेजवर "कोणतंही प्रिझर्व्हेटिव्ह नाही" असं लिहिलंय, मी बघितलं. मग ते आधी पुसावं लागेल.

मोहरीची_फोडणी

नको ते. लोक माझ्याकडे त्याचसाठी येतात.

काका एक शेवटचं विचारते. बीपीवाल्या त्या दोघी अजून मागतायत. परत देऊ का नको?

बरणीवाले_काका

मी असतो तर नाही म्हणालो असतो. त्यांना सांगा फोड धुवून खा, थोडंफार मीठ तिथेच जातं, आणि फोड एकच खा. तन्वीताई वेगळं सांगतील.

तन्वी_कोथरूड

सांगतेच :) पाव किलो, कच्ची खट्ट कैरी, लिंबाचा रस, फ्रिजमध्ये, हातोहात. कुरियर नाही. पाच बाटल्या करून एक महिना स्वतःच्या फ्रिजमध्ये ठेवून बघ, एक बाहेर ओट्यावर ठेव, फरक कळेल.

बरणीवाले_काका

ओट्यावरची सैल झाकणाने ठेवा.

आत्याबाई

बरणीला हिंगाची धुरी देतेस का गं? निखाऱ्यावर हिंग टाकून बरणी उपडी धरायची. आता ते काका काही म्हणोत.

बरणीवाले_काका

आत्याबाई, धुरीला माझा विरोध नाही. बरणी कोरडी होते, ते उत्तमच. फक्त आत पाण्याचा थेंब राहता कामा नये.

मोहरीची_फोडणी

अपडेट. खरं तर जूनमध्येच टाकायचं होतं, राहून गेलं.

यंदा सतरा ऑर्डरी आधी घेतल्या, पाथर्डी फाटा-इंदिरानगरच्याच, १८० ने, आणि पहिला पाऊस पडायच्या आत कैरी आणली. त्याच फोडणाऱ्याकडे गेले, त्याने मला ओळखलं! प्रत्येक कैरी हातात घेऊन बघत होता, पाच-सहा बाजूला काढून म्हणाला या मुरांब्याला न्या. १० किलो फोडी, मीठ २ किलो काट्यावर मोजून. सासूबाई शेजारी बसून बघत होत्या, काटा वगैरे म्हणजे त्यांना थोडा अपमानच वाटला, मग त्यांनी हाताने घातलेलं मीठ मी मोजलं तर १ किलो ९४० निघालं. त्या दिवसभर तेच सगळ्यांना सांगत होत्या.

तीन आठवडे झाले, सगळं ठीक आहे. पट्टीवर खाराचा आकडा साडेतीनच्या आसपास दिसतोय, रंग नीट जुळत नाही पण चारच्या खाली नक्की. तन्वीने सांगितलेल्या कमी मिठाच्या पाच बाटल्या पण केल्यात. ओट्यावरची सैल झाकणाची अकराव्या दिवशी बुडबुडे सोडायला लागली, फ्रिजमधल्या चार अजून शांत आहेत. त्या विकायच्या की नाही हे ठरत नाहीये, घरात दोन मतं पडलीत.

सी विंगच्या काकूंनी ऑर्डर दिली नाही. त्यांच्या सुनेने दिली, पण डबा लिफ्टमध्ये घेते म्हणाली.

चिंगी_८२

मुरांब्याची तरी रेसिपी टाक!